रीज़न की रीजन? 'जवळ'मधल्या ज पासून इंग्रजीतल्या ज़ पर्यंत

गेल्या पावसाळ्यात रामबागेतली एक मुलगी माझ्याकडे आली. वय चोवीस, इंदूरमध्येच माल पाठवणाऱ्या एका कंपनीत नोकरी, दिवसभर फोनवर इंग्रजी. तिची अडचण एकच होती. "ताई, गाडीला उशीर झाला की मी कारण सांगते, आणि समोरचा मला विचारतो, कुठला प्रदेश? रोज दोन-तीनदा तरी होतं असं." मी म्हटलं, बोलून दाखव. ती म्हणाली, "द रीजन फॉर डिले..." आणि मला लगेच कळलं. कारण या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि प्रदेश या अर्थाचा इंग्रजी शब्द यांत एकाच आवाजाचा फरक आहे, आणि तिच्या तोंडून दोन्ही वेळा प्रदेशच बाहेर पडत होता.

तिच्याबरोबर जे केलं तेच इथे क्रमाने लिहिते आहे. मराठी माणसासाठी हा रस्ता हिंदी भाषकापेक्षा वेगळा आहे आणि बराचसा सोपाही आहे. पण तो मराठीच्या आतून जातो, म्हणून आधी थोडं मराठीबद्दल बोलावं लागेल.

लिहिण्याची सोय म्हणून एक ठरवून घेऊ. इंग्रजीतला झेड या अक्षराचा आवाज मी हिंदीतला नुक्ता देऊन ज़ असा लिहीन. इंदूरकरांना नुक्ता शाळेपासून माहीत असतो. जे या अक्षराचा आवाज साधा ज. म्हणजे कारण असेल तर रीज़न, प्रदेश असेल तर रीजन.

आपल्याकडे दोन ज आहेत

'जवळ' म्हणा आणि मग 'जेवण' म्हणा. घरात मराठी नीट टिकलेली असेल तर दोन्हींत ज वेगळा येतो. 'जवळ'चा ज दातांच्या मागे होतो आणि त्यात सूं-सूं अशी घासणी असते. 'जेवण'चा ज टाळूकडे सरकतो. व्याकरणाच्या पुस्तकात पहिल्याला दंततालव्य आणि दुसऱ्याला तालव्य म्हणतात. अक्षर एकच असल्यामुळे आपण याकडे लक्ष देत नाही, पण कान अगदी पक्का असतो. 'जग' हा शब्द दुनिया या अर्थाने म्हणा, आणि 'सुखाने जग' असं कुणाला सांगताना म्हणा. पहिला ज 'जेवण'चा, दुसरा 'जवळ'चा. उलट केलं तर घरातलं लहान मूलसुद्धा हसेल.

हा 'जवळ'मधला ज इंग्रजी ज़ चा सख्खा शेजारी आहे. शब्दाच्या सुरुवातीला त्यात द सारखा एक हलका स्पर्श असतो, द आणि ज़ चिकटवल्यासारखा. पण शब्दाच्या मध्ये, दोन स्वरांच्या बेचक्यात, तो स्पर्श बहुतेकदा सुटतो. 'बाजू', 'हजार', 'बाजार' हे भरभर बोलून पाहा. जीभ टाळूला टेकतच नाही, नुसती घासणी उरते, आणि तोच इंग्रजी ज़ आहे. म्हणजे आवाज आपल्या तोंडात जन्मापासून आहे.

मग अडतं कुठे? 'माझा' म्हणा आणि पाठोपाठ 'माझी' म्हणा. 'ताजा' आणि 'ताजी'. 'दरवाजा' आणि 'दरवाजे'. पुढे आ असला की दातांचा आवाज, पुढे ई किंवा ए आला की लगेच टाळूचा. मराठीची ही जुनी सवय आहे: इ, ई, ए आणि य यांच्या आधी दंततालव्य ज जवळजवळ नेहमी तालव्य होतो. बाहेरून आलेल्या शब्दांनाही तिने सोडलं नाही. हिंदी-उर्दूत मर्ज़ी, राज़ी, ज़िला, ज़िद असे सगळे नुक्त्याचे आवाज आहेत. आपल्याकडे मर्जी, राजी, जिल्हा, जिद्द, सगळे 'जेवण'च्या ज चे झाले. तेच हजार, बाजार, जमीन, जोर यांत पुढे अ, आ, ओ असल्यामुळे दातांचा आवाज टिकला.

म्हणून इंग्रजीतला ज़ू, म्हणजे प्राणिसंग्रहालय, आपल्याला फारसा त्रास देत नाही. ज़ीरो, ज़िप, ज़ेब्रा, बिज़ी, ईज़ी, क्रेज़ी, मॅगज़ीन हे देतात, कारण यांत ज़ च्या पुढे नेमके ई आणि ए आहेत. आवाज नवा शिकायचा नाहीये. आवाज आणि स्वर यांची जी गाठ मराठीने मारून ठेवली आहे, ती इंग्रजी बोलताना सोडायची आहे. हे एकदा कळलं की सराव कशाचा करायचा तेही कळतं.

आधी स्वतःची तपासणी

इंदुरात मला दोन प्रकारचे मराठी शिकणारे भेटतात, आणि दोघांचा इलाज वेगळा आहे. फोनवर आवाज रेकॉर्ड करून हे आठ शब्द म्हणा: जवळ, बाजू, हजार, माझा, माझी, ज़ीरो, बिज़ी, ज़ेब्रा. मग ऐका, किंवा घरातल्या आजीला ऐकवा.

'जवळ' आणि 'बाजू' नीट आले, पण 'ज़ीरो' आणि 'बिज़ी' मध्ये 'जिरे' आणि 'भाजी'चा ज आला, तर तुम्ही पहिल्या प्रकारात. तुमच्याकडे आवाज आहे, फक्त गाठ सोडायची.

'जवळ'सुद्धा 'जेवण'सारखं आलं, तर दुसऱ्या प्रकारात. हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात वाढलेल्या आपल्या खूप मुलांचं आज हे झालं आहे. ती मराठी वाचतात, बोलतात, पण हिंदीच्या ज ने: जवळ, जास्त, जोडी, सगळ्यांत 'जेल'चा ज. रामबागेतली ती मुलगी याच गटातली निघाली. मला याचं वाईट वाटतं, कारण होळकरांच्या काळापासून इथल्या घरांत जपलेला एक आवाज एका पिढीत जातो आहे. तिला मी पहिले चार दिवस इंग्रजी शिकवलंच नाही. आजीजवळ बसून 'बाजूला जाऊन जरा जवळ बस' हे वाक्य आजीसारखं म्हणायला सांगितलं. आजी म्हणाल्या, "अगं, मी बोलते तसं बोल ना, त्यात काय शिकायचं?" पण त्यांनी रोज संध्याकाळी न कंटाळता तिला ऐकलं. पाचव्या दिवशी 'बाजू' जागेवर आलं आणि आमची शिकवणी तिथून सुरू झाली.

ताणून बघायची कसोटी

ज़ आणि ज यांतला फरक कानाने कळत नसेल तर श्वासाने कळतो. ज़ हा घासून निघणारा आवाज आहे, श्वास असेपर्यंत तो चालू ठेवता येतो: ज़्ज़्ज़्ज़, भुंग्यासारखा. ज ताणता येत नाही. त्यासाठी जीभ आधी टाळूला चिकटून हवा अडवते आणि मग सोडते. सोडली की आवाज संपला, उरतो तो पुढचा स्वर. म्हणून कुठल्याही शब्दाबद्दल शंका आली की त्या आवाजावर थांबा आणि तीन सेकंद ओढून पाहा. ओढला गेला तर ज़. अडकला तर ज.

स आणि श दोन्ही ताणता येतात, तिथे ही कसोटी चालत नाही. त्यांचं पुढे सांगते.

बाजूपासून ज़ीरोपर्यंत

आता मुख्य सराव. रोज दहा मिनिटं पुरतात, पण सलग हवेत आणि घाई नको.

'बाजू' म्हणा आणि मधला आवाज ओढा: बाऽज़्ज़्ज़्ज़ू. दोन बोटं गळ्यावर ठेवा, थरथर लागली पाहिजे. थरथर नसेल तर तुम्ही स म्हणता आहात. मग सुरुवातीचा 'बा' टाका आणि नुसतं ज़्ज़्ज़्ज़ू म्हणा. ज्यांना 'बाजू'तून आवाज सापडत नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे: लांब स्स्स्स् म्हणा, जीभ, ओठ, दात काहीही न हलवता मध्येच गळा चालू करा. स्स्स्स्ज़्ज़्ज़्ज़. एका श्वासात चार-पाच वेळा गळा बंद-चालू, बंद-चालू. स आणि ज़ यांत जिभेची जागा एकच आहे, फरक फक्त गळ्याच्या थरथरीचा. हे बोटांना जाणवलं की पुन्हा चुकत नाही.

मग तोच आवाज स्वरांना जोडायचा, आणि इथे क्रम पाळायचा: ज़ा, ज़ो, ज़ू, ज़अ, मग ज़े, आणि सगळ्यात शेवटी ज़ी. पहिले चार मराठीच्या ओळखीचे आहेत, ते लगेच येतील. ज़े वर जीभ घसरायला लागेल आणि ज़ी वर घसरेलच.

घसरते का, हे समजून घ्या. ई म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो. आपली जीभ ई येणार हे ओळखून आधीच, ज़ म्हणतानाच, वर उठते. त्यामुळे घासणीची जागा दातांवरून मागे सरकते, टाळूला टेकते, आणि ज़ चा ज होतो. ऐकणाऱ्याला कसं कळतं? शिट्टीसारखा बारीक आवाज एकदम जाड होतो.

उपाय असा. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागे टेकवून ठेवा. ओठ हसल्यासारखे ताणा, म्हणजे ओठ ई च्या तयारीत आहेत पण जीभ अजून ज़ वर आहे. आता ज़्ज़्ज़् तीन सेकंद ओढा आणि टोक न हलवता ई मध्ये जा: ज़्ज़्ज़्ज़ी. सुरुवातीला हे हास्यास्पद लांब वाटेल. वाटू द्या. तीन सेकंदांचं दोन, दोनचं एक, मग नेहमीच्या वेगाचं. तीन सेकंदांवर नीट येतं पण नेहमीच्या वेगाला बिघडतं, असं झालं तर पुन्हा दोन सेकंदांवर जा. वेगाने चुकीचं घोटून काहीच मिळत नाही.

मग शब्द. ज़ीरो, ज़िप, ज़ेब्रा हे सुरुवातीचे. बिज़ी, ईज़ी, म्यूज़ियम, रीज़न, सीज़न हे मधले. मधले शब्द मला जास्त सोपे वाटतात, कारण तिथे 'बाजू'ची आठवण मदतीला असते, म्हणून मी त्यांच्यापासून सुरू करते. त्या मुलीला पहिला शब्द रीज़नच दिला. ती 'रीऽज़्ज़्ज़न' असं म्हणत आठवडाभर गाडीवर राजवाड्यापर्यंत जायची.

शेवटी ज़ येणारे शब्द आपण हलक्यात घेतो, आणि ते तर दर वाक्यात येतात: इज़, वॉज़, हॅज़, प्लीज़. इथे मराठी तोंड 'इज' म्हणून आवाज अडवून टाकतं. इंग्रजीत पेज़ म्हणजे पैसे देतो आणि पेज म्हणजे पान. स्टेज़ म्हणजे राहतो आणि स्टेज म्हणजे रंगमंच. ज़ असेल तर शेवट ओढत ठेवा, जीभ टेकू देऊ नका. बॅग, रूम, डॉग यांच्या अनेकवचनात लिहिताना एस असतं पण आवाज ज़ चा आहे: बॅग्ज़, रूम्ज़, डॉग्ज़. आधीचा आवाज गळ्यातून थरथरणारा असला की शेवटचा एसही थरथरतो. कॅट्स, बुक्स यांत मात्र स च राहतो.

स आणि श: इंदूरचं विशेष

हाच मराठी नियम स ला लागू झालेला आहे, आणि इंदूरकरांना तो रोज दिसतो, कारण शेजारी हिंदी आहे. आपण शिकतो, हिंदीवाले सीखते हैं. आपली शिडी, त्यांची सीढ़ी. शिंग आणि सींग, शिवणं आणि सीना, शेकणं आणि सेंकना. सराफ्यात उभं राहून आपण म्हणतो शेव, दुकानदार म्हणतो सेव. सगळीकडे पुढे इ, ई किंवा ए. मराठीच्या आतसुद्धा हेच: असा पण अशी, कसा पण कशी, म्हैस पण म्हशी, पैसा पण पैशाचा.

फरक एवढाच की स च्या बाबतीत संस्कृत शब्दांनी आपल्याला वाचवलं. सीता, सीमा, सेवा यांत आपण ई-ए च्या आधीही स नीट म्हणतो. म्हणून बहुतेकांचा स शांतपणे बोलताना बरोबर असतो. बिघडतो तो घाईत, आणि स व श जवळजवळ आले की: सीज़न आणि सेशन एका वाक्यात, किंवा सहा पानांना 'सिक्स शीट्स' म्हणताना. जुन्या माणसांच्या 'शिनेमा'त आणि 'शिमेंटा'त तो उघडच दिसतो.

माळव्यात उलटी ओढही आहे. इथल्या बोलीत श चा स होतो, भाजीवाला सक्कर म्हणतो, सरम म्हणतो. त्यामुळे एकाच घरातली आजी सीट ला 'शीट' म्हणते आणि नातू शूज़ ना 'सूज' म्हणतो. घरात आधी कोणाला कुठली ओढ आहे ते ओळखा. दोघांना एकच सराव दिला तर एकाचं बिघडेल.

जागा शोधायची युक्ती श्वास आत घेण्याची आहे. स म्हणायची तयारी करा, पण हवा बाहेर सोडण्याऐवजी आत ओढा. जिथे गार लागेल ती घासणीची जागा. स ला ती पुढच्या दातांच्या लगेच मागे लागते. आता श ची तयारी करून तसंच करा. गारवा थोडा मागे, हिरडीच्या उंचवट्यापलीकडे आणि जास्त पसरट लागतो. शिवाय इंग्रजी श ला ओठ जरासे गोल पुढे येतात, मुलाला 'शूऽ' करून गप्प करताना येतात तसे. स ला ओठ सपाट. आरशात पाहून सेल आणि शेल, सेम आणि शेम, सॉर्ट आणि शॉर्ट, साइन आणि शाइन या जोड्या म्हणा. ओठ बदलले नाहीत तर बहुधा आवाजही बदललेला नाही.

कानाची परीक्षा

बोलणं आणि ऐकणं एकमेकांना धरून सुधारतं, पण बोलणं सुधारलं म्हणून ऐकणं आपोआप सुधारेल असं समजू नका. तपासायची सोपी पद्धत अशी. रीज़न-रीजन, पेज़-पेज, ज़ेलस-जेलस (उत्साही आणि मत्सरी), सीट-शीट, सेव-शेव (वाचवणे आणि दाढी करणे) अशा पाच जोड्या घ्या. दहा शब्दांच्या प्रत्येकी दोन चिठ्ठ्या, म्हणजे वीस. ज्याचा उच्चार पक्का आहे अशा माणसाने एकेक चिठ्ठी काढून वाचायची, तुम्ही त्याचं तोंड न पाहता अर्थ सांगायचा.

वीसपैकी दहा तर डोळे मिटून अंदाजाने येतात. पंधरा किंवा त्याहून जास्त नुसत्या अंदाजाने येण्याची शक्यता पन्नासात साधारण एकच, म्हणून पंधराला मी कान जागा झाला असं मानते, अठराला पक्का. कुठल्या जोडीत चुकलं ते लिहून ठेवा. त्या मुलीचे पहिल्या दिवशी अकरा आले, आणि नऊपैकी सात चुका ज़-ज च्या जोड्यांत होत्या. त्यावरून ठरलं की स-श ला हात लावायची घाई नाही.

ही परीक्षा फोनवर घेऊ नका. पूर्वापार चालत आलेल्या टेलिफोनच्या व्यवस्थेत साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढेच आवाज जातात. स ची बारीक शिट्टी प्रामुख्याने त्याहून वर असते, त्यामुळे ती कापली जाते. श खालच्या पट्टीत असल्याने बराचसा वाचतो. म्हणून फोनवर स कोणालाही पुसट ऐकू येतो, त्यात तुमच्या कानाचा दोष नाही. कामाच्या फोनवर शब्द अडला तर तो ओढत बसण्यापेक्षा वाक्य बदला. मी तिला सांगितलं होतं, जीभ बसेपर्यंत रीज़न ऐवजी 'बिकॉज़' ने वाक्य सुरू कर.

सगळ्यांत मोठा खड्डा: बरं होऊन पुन्हा बिघडणं

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे हमखास होतं. ज़ जमायला लागला की माणूस तो सगळीकडे लावतो. प्रोजेक्टचं 'प्रोज़ेक्ट', जूनचं 'ज़ून', एन्जॉयचं 'एन्ज़ॉय'. आधीची चूक निदान ऐकणाऱ्यांच्या सवयीची असते. ही नवी चूक कानाला फार लागते.

इथे अक्षरं मदत करतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये जे असेल तर आवाज ज, ज़ कधीच नाही. जिम, पेज, स्टेज असे जी च्या अक्षराने लिहिलेले मवाळ आवाजही ज च. झेड दिसलं तर जवळजवळ नेहमी ज़. उरतं एकच लबाड अक्षर: एस. ते स असू शकतं, बिज़ी-ईज़ी-रीज़न मध्ये ज़ असतं, आणि शुगर, शुअर मध्ये चक्क श. एकाच शब्दात अर्थाप्रमाणे बदलतं: यूस म्हणजे वापर, यूज़ म्हणजे वापरणे, क्लोस म्हणजे जवळचा आणि क्लोज़ म्हणजे बंद करणे. म्हणून एस असलेल्या शब्दांची एक छोटी वही करा आणि शंका आली की शब्दकोशात ऐका. बाकीच्या अक्षरांसाठी वहीची गरज नाही.

मेझर, प्लेझर, टेलिव्हिजन असे शब्द आपण लिहितो, त्यांतला आवाज ज ही नाही आणि ज़ ही नाही. तो श म्हणत म्हणत गळा चालू केल्यावर येतो. स वरून ज़ केला तसाच. एकदा करून पाहा आणि पुढे चला, या शब्दांमुळे कुणाचं काम अडत नाही.

मराठी छापील लेखनाबद्दल मात्र मला सांगायलाच हवं. आपण ज़ साठी झ वापरतो: झीरो, झेब्रा, फ्रीझ, पिझ्झा. झ मध्ये ह मिसळलेला आहे. तळहात तोंडासमोर धरून 'झाड' म्हणा, हवेचा झोत लागेल. ज़ ला तसा झोत नाही. आणि पुढे ए आला की झ सुद्धा तालव्य होतो, 'झेंडा'सारखा. म्हणून मूल 'झेब्रा' वाचतं तेव्हा 'झेंडा'चा आवाज काढतं, आणि त्यात त्याची काही चूक नसते. लहान मुलांना शिकवत असाल तर पहिले काही महिने नुक्ता देऊनच लिहा. पिझ्झाची तर गंमतच आहे: मूळ इटालियनमध्ये तिथे 'चमचा'तला दातांचा च आहे, पित्सा. जो आवाज आपल्याकडे तयार आहे तोच आपण झ लिहून घालवला.

तिचं काय झालं

पाचव्या आठवड्यात तिचे वीसपैकी सतरा आले. रीज़न आणि सीज़न पक्के झाले होते. मी तिला माझंच एक वाक्य दिलं होतं, ते ती न अडखळता म्हणायला लागली: द रीज़न इज़ द सीज़न, नॉट द रीजन. बिज़ी हा शब्द घाईत अजून घसरत होता, आणि 'प्रोज़ेक्ट' तिने दोन दिवस म्हटलं, तेव्हा लगेच अडवलं. फोनवर कुठला प्रदेश हा प्रश्न येणं थांबलं. आता कधी आला तर तो खरंच प्रदेशाबद्दल असतो, आणि ती मध्य प्रदेश असं उत्तर देते.

शूज़ आणि सूज राहिलं आहे. त्यासाठी तिच्या धाकट्या भावाला बरोबर घेऊन यायला सांगितलं आहे, कारण घरात ती ओढ त्याचीच आहे आणि तिच्या कानावर दिवसभर तेच पडतं.